CoAl₂O₄ स्पिनेलच्या अहवालातली चर्चा: एक्सआरडी जुळतं, मग पूड हिरवट का?

कोबाल्ट ॲल्युमिनेटच्या प्रयोगाच्या अहवालात ‘चर्चा’ या भागात एक वाक्य हमखास येतं: ‘सर्व पीक प्रमाण कार्डाशी जुळतात, म्हणून CoAl₂O₄ तयार झालं हे सिद्ध होतं.’ दुसऱ्या एखाद्या ऑक्साइडबद्दल हे वाक्य कदाचित खपून जाईल, इथे खपत नाही. कारण या प्रयोगात चुकून तयार होणारा मुख्य पदार्थ, म्हणजे Co₃O₄, हाही स्पिनेलच आहे. त्याचा अवकाश गट तोच, पीकची यादी तीच आणि लॅटिस पॅरामीटर ८.०८४ Å. CoAl₂O₄ चा ८.१०४ Å. फरक पाव टक्क्याचा. चर्चेचं खरं काम इथूनच सुरू होतं: क्ष-किरण विवर्तन म्हणजे एक्सआरडी कुठपर्यंत साथ देतं, वर्णपट कुठून पुढे नेतो आणि दोघांनाही जे सांगता येत नाही ते कसं लिहायचं.

पुढचं विवेचन सायट्रेट पद्धतीने केलेल्या नमुन्यांना धरून आहे. ०.०१ मोल उत्पादनासाठी Co(NO₃)₂·6H₂O २.९१० ग्रॅम, Al(NO₃)₃·9H₂O ७.५०३ ग्रॅम आणि सायट्रिक ॲसिड मोनोहायड्रेट ६.३०४ ग्रॅम, म्हणजे धातूच्या प्रत्येक मोलमागे एक मोल. जेल वाळवून, जाळून मिळालेल्या पुडीचे दोन भाग केले. एक भाग ६०० अंश सेल्सिअसला ५ तास (नमुना क), दुसरा १००० अंशांना ५ तास (नमुना ख). सैद्धांतिक उत्पादन १.७६९ ग्रॅम. क गडद हिरवट, ख निळा. पुढे दिलेली मापं उदाहरणादाखल आहेत, तिथे तुमची मापं घालायची.

आधी अपेक्षा नेमकी लिहा

‘अपेक्षित रचना स्पिनेल’ एवढं लिहून भागत नाही. स्पिनेलच्या एकक कोशात ३२ ऑक्सिजन असतात. त्यांच्यामधल्या ६४ टेट्राहेड्रल जागांपैकी ८ आणि ३२ ऑक्टाहेड्रल जागांपैकी १६ भरलेल्या असतात. कोण कुठे बसलं हे इन्व्हर्जन गुणांक x सांगतो:

(Co₁₋ₓAlₓ)[Al₂₋ₓCoₓ]O₄

गोल कंसात टेट्राहेड्रल जागा, चौकोनी कंसात ऑक्टाहेड्रल. x = ० म्हणजे नॉर्मल स्पिनेल, x = १ म्हणजे इन्व्हर्स. CoAl₂O₄ हे बहुतांशी नॉर्मल असतं, पण x नेमका शून्य नसतो. तो तापमानासोबत वाढतो, आणि भट्टीतून काढून झपाट्याने थंड केलेल्या नमुन्यात वरच्या तापमानाची मांडणी काही प्रमाणात गोठून राहते. म्हणून थंड करण्याचा वेग कृतीत नोंदवलेला नसेल तर x बद्दल चर्चेत ठामपणे काही लिहू नये.

कारण देतानाही एक चूक वारंवार होते. ‘स्फटिक क्षेत्र स्थिरीकरणामुळे Co²⁺ टेट्राहेड्रल जागा घेतो’ असं लिहिलं जातं, पण आकडेमोड नेमकी उलटी आहे. उच्च-स्पिन d⁷ आयनाचं स्थिरीकरण ऑक्टाहेड्रल क्षेत्रात ०.८ Δₒ. टेट्राहेड्रलमध्ये १.२ Δₜ, आणि Δₜ हा Δₒ च्या ४/९ धरला तर ते ०.५३ Δₒ होतं. म्हणजे Co²⁺ ला थोडी ऑक्टाहेड्रलचीच ओढ असते. मात्र ही ओढ लहान आहे, सुमारे ०.२७ Δₒ. Al³⁺ लहान आणि जास्त प्रभाराचा आहे. तो सहा ऑक्सिजनच्या घेऱ्यात बसल्याने जालक ऊर्जेत जो फायदा होतो, त्यापुढे कोबाल्टची ही ओढ टिकत नाही. Ni²⁺ च्या बाबतीत तीच वजाबाकी ०.८४ Δₒ येते, म्हणून NiAl₂O₄ बऱ्याच अंशी इन्व्हर्स असतं. ही तुलना दोन ओळींत दिली तरी कारण समजून लिहिल्याचं दिसतं.

पीकची जागा: आधी दुरुस्ती, मग अर्थ

तांब्याच्या नळीच्या Kα₁ किरणांसाठी (तरंगलांबी १.५४०६ Å) दोन्ही स्पिनेलचे दोन पीक शेजारी ठेवून पाहा. CoAl₂O₄ चा (३११) पीक २θ = ३६.७५ अंशांना येतो, Co₃O₄ चा ३६.८५ ला. (४४०) पीक अनुक्रमे ६५.०५ आणि ६५.२३ ला. पहिल्या ठिकाणी फरक ०.१ अंश, दुसऱ्या ठिकाणी ०.१८.

आता नमुना धारकात पूड जरा उंच भरली गेली तर काय होतं ते बघू. पृष्ठभाग s इतका वर असला तर पीक २s·cosθ/R रेडियनने मोठ्या कोनाकडे सरकतो. गोनिओमीटरची त्रिज्या R = २४० मिलिमीटर आणि s = ०.२ मिलिमीटर धरलं तर (३११) पाशी हे सरकणं ०.०९ अंश होतं. म्हणजे धारक काठोकाठ सपाट न करता जरासा फुगीर भरला, एवढ्यानेच CoAl₂O₄ चं ‘Co₃O₄’ होऊ शकतं, आणि खोलगट भरला तर उलट.

नमुना ख चं कच्चं वाचन समजा (३११) ३६.८४ आणि (४४०) ६५.१३ आहे. पहिल्या पीकवरून लॅटिस पॅरामीटर a = ८.०८५ Å येतो, दुसऱ्यावरून ८.०९६ Å. घन रचनेत a प्रत्येक पीकवरून एकच यायला हवा. तो कोनासोबत एकाच दिशेने वाढत जात असेल तर दोष आधी मापनात शोधावा. अशा वेळी दोघांची सरासरी काढून कार्डाशी ताडून पाहणं हा सर्वांत वाईट उपाय, कारण सरासरीने चूक तशीच राहते आणि फक्त डोळ्याआड होते.

दुरुस्तीसाठी पुडीत वजनाने सुमारे दहावा भाग सिलिकॉनची पूड मिसळून पुन्हा स्कॅन घ्यावा. सिलिकॉनचे पीक २८.४४, ४७.३० आणि ५६.१२ अंशांना यायला हवेत. ४७.३० चा पीक ४७.३९ ला आला तर सरकणं ०.०९ अंश, आणि ते cosθ च्या प्रमाणात इतर पीकमधून वजा करायचं. ख चे पीक मग ३६.७५ आणि ६५.०५ ला येतात आणि दोन्हींवरून a = ८.१०४ Å मिळतो. दोन पीक एका आकड्यावर आले, हाच दुरुस्ती बरोबर झाल्याचा पुरावा, आणि चर्चेत तो शब्दांत लिहावा. सिलिकॉन हाताशी नसेल तर किमान पाच-सहा पीकवरून काढलेले a नेल्सन–रायली फलनाविरुद्ध आलेखावर मांडून शून्यापर्यंत रेषा वाढवावी.

आणखी एक सापळा याहून लबाड आहे. (४४०) पीकच्या मोठ्या कोनाकडच्या बाजूला खांदा दिसला की ‘इथे Co₃O₄ आहे’ असं लिहायचा मोह होतो. पण तांब्याच्या Kα₁ आणि Kα₂ या तरंगलांब्यांतला फरकही ०.२५ टक्केच आहे, म्हणजे जवळजवळ तितकाच जितका या दोन स्पिनेलच्या लॅटिस पॅरामीटरमध्ये आहे. त्यामुळे शुद्ध CoAl₂O₄ चा Kα₂ पीक बरोबर त्या जागी येतो जिथे Co₃O₄ चा Kα₁ पीक यायचा, आणि हे प्रत्येक पीकला लागू पडतं. खांद्याचं क्षेत्रफळ मुख्य पीकच्या निम्मं असेल तर तो Kα₂ आहे. निम्म्याहून स्पष्टपणे जास्त असेल तरच पुढचा विचार करावा. सॉफ्टवेअरने Kα₂ आधीच काढून टाकला असेल तर तसं नमूद करावं, नाहीतर वाचणाऱ्याला खांद्याचा अर्थ लावता येत नाही.

पार्श्वभूमी उंच आणि पीक बुटके दिसले तर लगेच ‘नमुना अस्फटिकी’ म्हणू नये. तांब्याचे किरण कोबाल्टला प्रतिदीप्त करतात आणि तो प्रकाश सगळ्या कोनांवर सारखा पसरतो. अस्फटिकी भागामुळे येणारी पार्श्वभूमी रुंद फुगवट्यासारखी असते, प्रतिदीप्तीची सपाट.

पीकची उंची: कोबाल्ट कुठे बसलाय

लॅटिस पॅरामीटरपेक्षा (२२०) पीकची तीव्रता जास्त बोलकी असते, आणि अहवालांत ती बहुतेक वेळा वापरलीच जात नाही. (२२०) परावर्तनात ऑक्टाहेड्रल आयनांचे वाटे एकमेकांना रद्द करतात. त्याची तीव्रता जवळपास पूर्णपणे टेट्राहेड्रल जागेवर कोण आहे यावर ठरते. (३११) मध्ये दोन्ही जागांचा वाटा असतो. Co²⁺ कडे २५ इलेक्ट्रॉन, Al³⁺ कडे १०, त्यामुळे क्ष-किरणांना हे दोघे सहज वेगळे ओळखता येतात.

नॉर्मल CoAl₂O₄ मध्ये (२२०) चं क्षेत्रफळ (३११) च्या निम्म्याहून जास्त असतं. Co₃O₄ मध्ये ऑक्टाहेड्रल जागांवरही कोबाल्टच असल्याने (३११) खूप बळावतो आणि हे गुणोत्तर एक तृतीयांशाच्या आसपास उतरतं. हा फरक नुसत्या डोळ्यांनीही दिसतो.

आकडा हवा असेल तर रचनेवरून विवर्तन काढणाऱ्या प्रोग्रामात x = ० ठेवून आकृती काढावी आणि मोजलेलं गुणोत्तर तिच्याशी ताडावं. x = ०.१ केल्यावर गुणोत्तर साधारण एक दशांशाने घटतं. ख मध्ये ते गणितापेक्षा तितकं कमी आलं, तर ‘x सुमारे ०.१ असण्याशी सुसंगत’ असं लिहिता येईल. ‘x = ०.१०३’ असं मात्र नाही. पार्श्वभूमीची रेषा जराशी वरखाली ओढली तरी एवढ्या क्षेत्रफळात काही टक्के फरक पडतो. शिवाय थोडं Co₃O₄ मिसळलेलं असलं तरीही गुणोत्तर घटतंच. म्हणजे एका आकड्याची दोन स्पष्टीकरणं संभवतात, आणि त्यांतलं एक बाद करायला वर्णपट लागतो.

यूव्ही–व्हिज: निळ्यामागे काय दडतं

टेट्राहेड्रल Co²⁺ ची ओळख म्हणजे दृश्य भागातला तीन शिखरांचा पट्टा, साधारण ५४५, ५८५ आणि ६२५ नॅनोमीटरला. हे ⁴A₂(F) → ⁴T₁(P) संक्रमण. नारिंगी–पिवळा प्रकाश शोषला जातो आणि पूड निळी दिसते. ऑक्टाहेड्रल Co³⁺ चे पट्टे निराळे. Co₃O₄ मध्ये ४०० ते ४५० च्या आसपास आणि ७०० च्या पुढे रुंद शोषण असतं. पहिला पट्टा निळा प्रकाशही खाऊन टाकतो, म्हणून थोडं Co³⁺ असलं की निळ्याचं हिरवट होतं आणि जास्त असलं की काळं.

मोजमाप परावर्तनाने करायचं आणि त्या परावर्तनाला R धरून F(R) = (1 − R)²/2R असं रूपांतर करायचं. इथे शुद्ध पूड थेट लावली तर ती इतकी शोषते की तिन्ही शिखरं मिळून एक सपाट पठार दिसतं. मग ‘शिखरं विलग झाली नाहीत, म्हणून रचना अव्यवस्थित’ असा भलताच निष्कर्ष निघतो. बेरियम सल्फेटमध्ये १ ते ५ टक्के मिसळून घेतलं की शिखरं उघडतात.

आता वर लोंबकळत ठेवलेला प्रश्न. ख चा वर्णपट स्वच्छ आहे: तीन शिखरं आणि ४०० ते ४५० भागात जवळजवळ काहीच नाही. यावरून Co³⁺ नगण्य आहे असं म्हणता येतं, आणि म्हणून (२२०) ची घट Co₃O₄ मुळे असण्याची शक्यता मागे पडते. पण ‘वर्णपटात फक्त टेट्राहेड्रल Co²⁺ दिसतो, म्हणून x = ०’ हे म्हणता येत नाही. ऑक्टाहेड्रल जागेला सममितीचं केंद्र असतं, त्यामुळे तिथली d–d संक्रमणं लापोर्ट नियमाने निषिद्ध असतात आणि टेट्राहेड्रलच्या तुलनेत साधारण शंभरपट फिकी पडतात. दहा टक्के Co²⁺ ऑक्टाहेड्रल जागेवर गेला तरी त्याचा ५०० नॅनोमीटरजवळचा पट्टा त्या भल्या मोठ्या त्रिकुटाच्या पायथ्याशी बुडून जातो. म्हणजे एक्सआरडी x ≈ ०.१ म्हणतं आणि यूव्ही–व्हिज गप्प बसतं. हा विरोध नव्हे. दुसऱ्या तंत्राला ती गोष्ट दिसतच नाही, आणि चर्चेत हे कारणासकट लिहिलं तर विसंगती आपोआप मिटते.

एफटीआयआर: कमी बोला

CoAl₂O₄ चे पट्टे ६६५, ५६० आणि ५१० सेमी⁻¹ च्या आसपास. Co₃O₄ चे ६६५ आणि ५७० च्या आसपास. या दोघांना वेगळं करायला हे तंत्र दुबळं आहे, एवढं एका वाक्यात मान्य करावं. वरचा पट्टा ‘टेट्राहेड्रल Co–O’ आणि खालचा ‘ऑक्टाहेड्रल Al–O’ अशी वाटणी फेराइटवरच्या लेखनातून जशीच्या तशी उचलली जाते. द्विसंयुजी–त्रिसंयुजी नॉर्मल स्पिनेलमध्ये वरचे दोन्ही पट्टे मुख्यतः ऑक्टाहेड्रल त्रिसंयुजी आयनाच्या जाळ्याचे असतात, त्यामुळे इथे ती वाटणी चालत नाही. उपयोगाची गोष्ट एकच: ७०० ते ८५० भागात पसरट खांदा असेल तर तो AlO₄ कडे, म्हणजे इन्व्हर्जनकडे किंवा न मिसळलेल्या ॲल्युमिनाकडे बोट दाखवतो.

हिरवट नमुन्याचं काय

नमुना क मध्ये (३११) ची रुंदी ०.६० अंश आहे, उपकरणाची स्वतःची ०.१०. वर्गांची वजाबाकी करून ०.५९ अंश, म्हणजे ०.०१०३ रेडियन उरते. शेरर समीकरणाने स्फटिककणाचा आकार साधारण १४ नॅनोमीटर येतो. इथे लॅटिस पॅरामीटरवरून वाद घालण्यात अर्थच उरत नाही. ०.६ अंश रुंद पीकच्या आत ०.१ अंशाचा फरक शोधायचा, आणि a ची अनिश्चितता दोन पदार्थांतल्या फरकाच्या निम्म्यापर्यंत जाते. इथे चर्चा वर्णपटापासून सुरू करावी.

क च्या वर्णपटात त्रिकूट आहेच, पण त्याखाली ४०० ते ४५० आणि ७०० पुढे उचललेली पार्श्वभूमीही आहे. म्हणजे टेट्राहेड्रल Co²⁺ सोबत ऑक्टाहेड्रल Co³⁺ आहे. (२२०)/(३११) गुणोत्तर ख पेक्षा कमी असेल तर तेही याच बाजूने बोलतं. पण हे Co³⁺ स्वतंत्र Co₃O₄ कणांत आहे की स्पिनेलच्याच जालकात Al³⁺ च्या जागी शिरलंय, हे या तीन तंत्रांनी ठरत नाही. दोन्ही शक्यता लिहाव्यात.

Co³⁺ किती आहे हे मात्र वजनावरून काढता येतं. Co₃O₄ हवेत ९०० अंश सेल्सिअसच्या आसपास ऑक्सिजन सोडून CoO होतं आणि ६.६ टक्के वजन घटतं. क चं टीजीए, म्हणजे तापवत असताना वजनाची नोंद, घेऊन फक्त त्या भागातली पायरी मोजायची. ६०० अंशांखालची घट पाणी आणि उरलेल्या कार्बनची असते. समजा १ ग्रॅम नमुन्यात ती पायरी ०.८ टक्के आली. म्हणजे ०.००८ ग्रॅम ऑक्सिजन, ०.०००५ मोल. ऑक्सिजनच्या प्रत्येक अणूमागे दोन Co³⁺ चे Co²⁺ होतात, म्हणून Co³⁺ ०.००१ मोल. १ ग्रॅम पुडीत एकूण कोबाल्ट ०.००५६५ मोल. यावरून सुमारे १८ टक्के कोबाल्ट Co³⁺ स्वरूपात आहे.

आता हिशोबाची दुसरी बाजू. कोबाल्टचा एवढा वाटा ॲल्युमिनियमशी जोडला गेलेला नसेल तर तेवढं ॲल्युमिनियम कुठेतरी उरलं पाहिजे. ६०० अंशांना ते अस्फटिकी किंवा γ-Al₂O₃ म्हणून राहतं. तोही स्पिनेलसारखाच, लॅटिस पॅरामीटर सुमारे ७.९ Å, आणि त्याचा (४४०) पीक ६७ अंशांजवळ. म्हणून क च्या ६५ अंशांच्या पीकची उजवी शेपटी लांब आहे का ते पाहावं. १००० अंशांना कोबाल्ट Co²⁺ होऊन हेच ॲल्युमिना त्याच्याशी संयोग पावतं आणि पूड निळी होते. रंगाचा बदल, वजनाची घट आणि शेपटी नाहीशी होणं ही एकाच अभिक्रियेची तीन चिन्हं आहेत, तेव्हा ती एकाच परिच्छेदात एकत्र मांडावीत.

१००० अंशांनंतरही पूड निळीशार न होता हिरवट झाक उरली तर भट्टीऐवजी तराजूकडे पाहावं. ॲल्युमिनियम नायट्रेट हवेतलं पाणी शोषतं. बाटलीतल्या मिठात ठरल्यापेक्षा चार टक्के पाणी जास्त असेल तर ॲल्युमिनियम तेवढं कमी पडतं, शंभरातले चार कोबाल्ट जोडीदाराविना राहतात आणि थंड होताना पुन्हा ऑक्सिजन घेतात. ते सगळं Co₃O₄ झालं तर वजनाने दोन टक्क्यांहूनही कमी भरतं. एक्सआरडीला ते दिसणार नाही, डोळ्याला दिसेल. थोडं ॲल्युमिनियम नायट्रेट तापवून Al₂O₃ म्हणून वजन केलं की मिठाची खरी मात्रा कळते.

परिच्छेद असा उतरेल

‘सिलिकॉन प्रमाणाने दुरुस्त केल्यावर नमुना ख चा लॅटिस पॅरामीटर ८.१०४ ± ०.००२ Å आला. हा CoAl₂O₄ च्या मूल्याशी जुळतो आणि Co₃O₄ च्या ८.०८४ Å पासून स्पष्टपणे वेगळा आहे. (२२०)/(३११) गुणोत्तर x = ० साठी काढलेल्या मूल्यापेक्षा सुमारे एक दशांशाने कमी आहे. ४०० ते ४५० नॅनोमीटर भागात शोषण न आढळल्याने ही घट Co³⁺ मुळे असण्याची शक्यता कमी असून ती x ≈ ०.१ च्या इन्व्हर्जनशी सुसंगत आहे. ऑक्टाहेड्रल Co²⁺ चे पट्टे क्षीण असल्याने यूव्ही–व्हिजवरून या अंदाजाची पुष्टी किंवा खंडन होत नाही. नमुना क मध्ये Co³⁺ चे पट्टे दिसतात आणि ९०० अंशांजवळच्या वजनघटीवरून त्याचं प्रमाण एकूण कोबाल्टच्या सुमारे १८ टक्के येतं. पीक रुंद असल्याने ते स्वतंत्र Co₃O₄ आहे की घन द्रावण, हे ठरवता आलं नाही.’